रोख काढली आणि बँकेने टीडीएस कापला: कोणाला लागतो, कसा मोजतात आणि परत कसा मिळवायचा

नोव्हेंबर २०२४ मध्ये काकांचा फोन आला, आवाज चढलेलाच. घराच्या स्लॅबसाठी बँकेतून चार लाख काढले होते, संध्याकाळी पासबुक भरून आणलं तर चार लाखांच्या खालच्याच ओळीत आणखी पाच हजार वजा. "माझेच पैसे काढले तर दंड कसला लावतात रे?" असं त्यांचं म्हणणं. दंड नव्हता तो, टीडीएस होता, म्हणजे बँकेने आधीच कापून सरकारकडे भरलेला कर, आणि पुढे सगळे पैसे परत पण आले, पण ते समजून घेण्यात आणि रिटर्न भरण्यात आम्ही ज्या ज्या चुका करता करता वाचलो (एक दोन केल्या पण) त्या तुमच्या होऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी एक सांगतो. हे सगळं आयकर कायदा १९६१ च्या कलम १९४एन बद्दल आहे, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंत काढलेल्या रोख रकमेबद्दल. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय आणि त्यात ही तरतूद कलम ३९३ मध्ये गेलीय, त्यामुळे त्या तारखेनंतर मोठी रक्कम काढणार असाल तर मर्यादा आणि दर बँकेत विचारूनच काढा.

१. तुम्ही कोणत्या गटात बसता ते आधी बघा

सगळा घोळ इथेच होतो. लोकांना एक कोटीचा आकडा ऐकून माहीत असतो आणि मग वाटतं की आपण कुठे कोटी काढणार, आपला काय संबंध. पण मर्यादा दोन आहेत.

तुम्ही रिटर्न भरत असाल तर एका आर्थिक वर्षात एका बँकेतून एक कोटीपर्यंत रोख काढा, काही कापत नाहीत. त्याच्या वर गेलात की फक्त वरच्या रकमेवर २ टक्के. म्हणजे वर्षभरात एक कोटी दहा लाख काढले तर वरच्या दहा लाखांवर वीस हजार कापणार, अख्ख्या एक कोटी दहा लाखांवर नाही. हा नियम १ सप्टेंबर २०१९ पासूनचा.

तुम्ही सलग तीन वर्षं रिटर्न भरलेलाच नसेल तर मात्र मर्यादा थेट वीस लाखांवर येते. वीस लाख ते एक कोटी या टप्प्यातल्या रकमेवर २ टक्के आणि एक कोटीच्या वर ५ टक्के. हे १ जुलै २०२० पासून आलं आणि गावाकडे जे फटका खातात ते बहुतेक ह्याच गटातले. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून रिटर्न कधी भरलाच नाही, पॅनकार्ड काढलं ते बँकेने मागितलं म्हणून. आमचे काका तसेच. द्राक्षबाग आहे, व्यापाऱ्याचे पैसे खात्यात येतात, कर काही लागत नाही, मग रिटर्न कशाला भरायचा असा साधा सरळ हिशोब होता त्यांचा आणि त्यात चूक काही नव्हती.

सहकारी संस्थांना, म्हणजे दूध संस्था वगैरे, १ एप्रिल २०२३ पासून एक कोटीऐवजी तीन कोटींची मर्यादा आहे. बाजार समितीत नोंदणी असलेले आडते आणि व्यापारी शेतकऱ्यांना मालाचे पैसे द्यायला रोख काढत असतील तर त्यांना सूट आहे, पण ती आपोआप मिळत नाही, ते खातं कोणतं ते बँकेला कळवावं लागतं आणि पैसे शेतकऱ्यांना देण्यासाठीच काढतोय असं लिहून द्यावं लागतं. ह्या दोघांचं इथेच सोडतो, पुढचं सगळं वीस लाखवाल्यांसाठी आहे.

२. ती तीन वर्षं नेमकी कुठली ते मोजा

इथे मी स्वतः चुकलो होतो. मला वाटलं गेल्या वर्षीचा रिटर्न पटकन भरून टाकू म्हणजे काका कोटीच्या गटात जातील. तसं होत नाही. ज्या आर्थिक वर्षात पैसे काढताय ते सुरू व्हायच्या आधी ज्या रिटर्नची मुदत संपलेली होती असे मागचे तीन रिटर्न धरतात.

काकांनी पैसे काढले २०२४-२५ मध्ये. ते वर्ष सुरू झालं १ एप्रिल २०२४ ला. कर निर्धारण वर्ष म्हणजे आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष. त्याआधी मुदत संपलेले शेवटचे तीन रिटर्न म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२१-२२, २०२२-२३ आणि २०२३-२४. निर्धारण वर्ष २०२४-२५ च्या रिटर्नची मुदत जुलै २०२४ मध्ये होती, म्हणजे तो यात येतच नाही, भरला असता तरी त्या वर्षी उपयोग नव्हता. कायद्यातली भाषा तिन्ही वर्षांचे रिटर्न न भरलेल्याला वीस लाखांची मर्यादा अशी आहे. पण काउंटरवर वाद घालत बसू नका, बँक जे बघते ते तुम्हीही घरबसल्या बघू शकता.

incometax.gov.in उघडा, लॉगिन करायची गरज नाही, पहिल्याच पानावर क्विक लिंक्समध्ये "TDS on Cash Withdrawal" असं दिसेल. पॅन आणि मोबाईल नंबर टाका, घोषणेवर टिक करा, ओटीपी येईल, तो टाकला की तुमच्या पॅनला किती टक्के कधी लागणार ते स्क्रीनवर येतं. मोठी रक्कम काढायच्या आधी दोन मिनिटांचं हे काम करा. वीस लाखांचा उल्लेख आला तर तुम्ही दुसऱ्या गटात आहात हे धरून चाला. तुम्ही रिटर्न भरलेत आणि तरी वीस लाख दाखवतंय असं झालं तर रिटर्नच्या पोचपावत्या घेऊन पैसे काढायच्या आधीच बँकेत जा. एकदा कापून सरकारकडे भरलेले पैसे बँक परत देत नाही, ते मग रिटर्नमधूनच मागावे लागतात.

३. बँक कसं मोजते ते समजून घ्या

१ एप्रिल ते ३१ मार्च, एका बँकेतली तुमच्या पॅनवरची सगळी खाती, सगळ्या शाखा मिळून. एटीएम, सेल्फचा चेक, विड्रॉल स्लिप सगळं धरून. गावच्या शाखेतून थोडे आणि तालुक्याच्या शाखेतून थोडे काढले तरी बेरीज एकच होते. दुसऱ्या बँकेची बेरीज मात्र वेगळी.

आणखी एक, काढलेले पैसे परत भरले तरी बेरीज कमी होत नाही. काकांनी ऑगस्टमध्ये तीन लाख काढले, सेंट्रिंगवाला आलाच नाही म्हणून आठ दिवसांनी जसेच्या तसे परत भरले. बँकेच्या हिशोबात ते तीन लाख काढलेलेच राहिले. चेक, एनईएफटी, यूपीआयने दिलेले पैसे यात धरत नाहीत कारण ती रोख नाही.

काकांचा पूर्ण हिशोब असा झाला. एप्रिल ते ऑक्टोबर मिळून साडेअठरा लाख काढलेले, तोपर्यंत काही कापलं नाही. नोव्हेंबरमध्ये चार लाख काढले, एकूण झाले साडेबावीस लाख, वीसच्या वर अडीच लाख, त्याचे २ टक्के म्हणजे ते पासबुकातले पाच हजार. जानेवारीत पाच लाख काढले, आता मर्यादा आधीच संपलेली म्हणून पूर्ण पाच लाखांवर दहा हजार. मार्चमध्ये साडेचार लाख, त्यावर नऊ हजार. वर्षाचे काढलेले बत्तीस लाख, वीसच्या वरचे बारा लाख, आणि टीडीएस चोवीस हजार. तुमचाही असाच कागदावर मांडा, पासबुकातल्या टीडीएसच्या नोंदींची बेरीज याच्याशी जुळली पाहिजे.

काकांनी बँकेत १५जी फॉर्म भरून द्यायचा पण प्रयत्न केला होता. तो व्याजाच्या टीडीएससाठी असतो, रोख काढण्याच्या टीडीएसला चालत नाही. पॅनच दिलेला नसेल किंवा आधारला न जोडल्यामुळे बंद पडलेला असेल तर दर २ नाही, २० टक्के होतो, आणि पॅन बंद असेतोवर रिफंडही निघत नाही. तेव्हा ते आधी बघून घ्या.

४. घाई न करता २६एएस बघा

काका एप्रिल २०२५ मध्येच मागे लागले, भर रिटर्न म्हणून. २६एएस म्हणजे आपल्या पॅनवर कोणी किती कर कापून भरला त्याचं पोर्टलवरचं पत्रक. मी ते उघडून बघितलं तर पाच हजारच दिसत होते, जानेवारीचे दहा हजार आणि मार्चचे नऊ हजार गायब. बँकेने खाल्ले असं काकांनी लगेच जाहीर पण करून टाकलं. तसं काही नव्हतं. बँक टीडीएसचं विवरणपत्र तीन महिन्यांनी भरते आणि जानेवारी ते मार्चच्या तिमाहीची त्यांची मुदत ३१ मे असते. त्यानंतर १५ जूनपर्यंत त्यांनी फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएस कापल्याचा दाखला, द्यायचा असतो. म्हणून जूनच्या मध्यापर्यंत थांबा.

२६एएस बघायला पोर्टलवर लॉगिन करून e-File, मग Income Tax Returns, मग View Form 26AS. तिथे बँकेच्या नावाखाली सेक्शनच्या रकान्यात 194N किंवा रिटर्न न भरणाऱ्यांसाठी 194NF असं दिसेल. एफडीच्या व्याजावर कापला असेल तर तो 194A म्हणून वेगळा दिसतो. दोन्ही एकाच बँकेने कापलेले असल्यामुळे लोक दोन्हीची बेरीज व्याजाचा टीडीएस म्हणून धरतात, ते करू नका, पुढे पायरी ६ मध्ये कळेल का.

जून संपला तरी एखादी नोंद दिसत नसेल तर बँकेत लेखी अर्ज द्या, सोबत पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स आणि पॅनची झेरॉक्स जोडा, पोच घ्या. बहुतेक वेळा पॅन चुकीचा टाकलेला असतो आणि त्यांनी त्यांचं विवरणपत्र दुरुस्त केल्याशिवाय तुमच्याकडे दिसणार नाही. नोंद नसताना रिटर्नमध्ये दावा केला तर तेवढी रक्कम कापून उरलेलाच रिफंड येतो.

५. हे जवळ घेऊन बसा

- पॅन आणि आधार, एकमेकांना जोडलेले, आणि ओटीपी येणारा मोबाईल (काकांचा आधारचा नंबर मुलाच्या जुन्या सिमवर होता, अर्धा दिवस त्यातच गेला)
- बँकेचा फॉर्म १६ए, रोखीचा आणि व्याजाचा दोन्ही
- वर्षभराचं पासबुक किंवा स्टेटमेंट, सगळ्या खात्यांचं
- एफडी आणि बचत खात्याच्या व्याजाचा दाखला
- शेतीचं उत्पन्न दाखवायचं असेल तर सातबारा, मालविक्रीच्या पट्ट्या, औषधं, खतं आणि मजुरीच्या खर्चाच्या नोंदी
- ज्या खात्यात रिफंड हवाय त्याचा नंबर आणि आयएफएससी कोड

६. रिटर्न भरा, पण फॉर्म बघून

पहिलं म्हणजे आयटीआर-१ चालत नाही. १९४एन चा टीडीएस कापलेला असेल त्याला तो फॉर्म बंद आहे, आणि शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर असलं तरी बंदच आहे. धंदा नसेल तर आयटीआर-२ घ्या, धंदा असेल तर त्याला लागू होणारा ३ किंवा ४. आम्ही २ घेतला, कर निर्धारण वर्ष २०२५-२६. वर्ष निवडताना लक्ष द्या, पैसे २०२४-२५ मध्ये कापले म्हणजे निर्धारण वर्ष त्याच्या पुढचं.

दुसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. काढलेली रोख म्हणजे तुमचं उत्पन्न नाही. बत्तीस लाख कुठेही उत्पन्न म्हणून लिहायचे नाहीत, वरचे बारा लाख पण नाही, आणि कापलेले चोवीस हजार पण नाही. बाकीच्या टीडीएसमध्ये कापलेली रक्कम उत्पन्नातलीच धरतात, म्हणजे काकांचं एफडीचं व्याज एक लाख दहा हजार, त्यावर अकरा हजार कापून हातात नव्व्याण्णव हजार आले तरी रिटर्नमध्ये एक लाख दहा हजारच दाखवायचे. १९४एन ला कायद्यानेच (कलम १९८ मध्ये) यातून वगळलंय. पोर्टलवर एआयएस म्हणजे तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचं पत्रक असतं, त्यात रोख काढल्याची मोठी रक्कम दिसते ती बघून घाबरून ती 'इतर उत्पन्ना'त टाकणारे लोक मी बघितलेत आणि एका ओळखीच्या माणसाला तर सायबर कॅफेवाल्याने तसंच भरून दिलं होतं, नशिबाने सबमिट करायच्या आधी दिसलं.

आता काकांच्या फॉर्ममध्ये काय काय भरलं ते सांगतो. इतर उत्पन्नात एफडीचं आणि बचत खात्याचं व्याज. शेतीचं निव्वळ उत्पन्न नऊ लाख, ते Schedule EI म्हणजे करमुक्त उत्पन्नाच्या कोष्टकात, आणि पाच लाखांच्या वर असल्यामुळे जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की खंडाने घेतलेली, बागायत की जिरायत हे पण विचारतं, सातबारा तेव्हा लागतो. शेती सोडून बाकी उत्पन्न नव्या पद्धतीतल्या तीन लाखांच्या मर्यादेच्या बरंच खाली, त्यामुळे कर शून्य.

मग Tax Paid मध्ये टीडीएसचं कोष्टक, पगार सोडून इतर गोष्टींवरचं, १६ए वालं. नोंदी बहुतेक आधीच भरून आलेल्या असतात. प्रत्येक नोंद उघडून बघा. व्याजाच्या नोंदीत उत्पन्नाचा प्रकार इतर उत्पन्न. १९४एन च्या नोंदीत तिथल्या यादीत "Not Applicable" असा पर्याय खास याच टीडीएससाठी दिलेला आहे, तो निवडायचा. ह्या वर्षी किती दावा करताय तिथे पूर्ण रक्कम टाका. हा टीडीएस पुढच्या वर्षात ढकलता येत नाही, ज्या वर्षी कापला त्याच वर्षाच्या रिटर्नमध्ये मागायचा, आणि ज्याच्या खात्यातून कापला त्यानेच मागायचा. काकांच्या मुलाचं म्हणणं होतं की घर तोच बांधतोय तर त्याच्या रिटर्नमध्ये घेऊ, ते होत नाही.

चोवीस हजार अधिक अकरा हजार, पस्तीस हजार. कर शून्य म्हणून पस्तीसच्या पस्तीस रिफंडमध्ये दिसायला लागले तेव्हा काकांनी पहिल्यांदा स्क्रीनकडे नीट बघितलं. वर्षात एकूण टीडीएस पंचवीस हजार किंवा जास्त झाला (ज्येष्ठांना पन्नास हजार) तर कर लागो न लागो, रिटर्न भरणं सक्तीचं होतं. म्हणजे "जाऊ दे, नको तो रिफंड" म्हणायची सोय काकांना तशीही नव्हती.

७. खातं व्हॅलिडेट करा आणि ई-व्हेरिफाय विसरू नका

रिफंड फक्त पोर्टलवर प्री-व्हॅलिडेट केलेल्या खात्यातच येतो. काकांचं गावच्या शाखेतलं खातं जुनं, त्यावर नाव घरगुती, पॅनवर पूर्ण नाव, व्हॅलिडेशन दोनदा फेल. शेवटी बँकेत केवायसी नव्याने करून नाव बदलून घेतलं त्याला दहा दिवस गेले, म्हणून हे काम रिटर्नच्या आधी करून ठेवा.

सबमिट केल्यावर तीस दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं, आधार ओटीपीने एका मिनिटात होतं. नाही केलं तर रिटर्न भरलाच नाही असं धरतात. आम्ही ऑगस्टमध्ये भरला, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पैसे आले, छत्तीस हजार पन्नास. वरचे एक हजार पन्नास म्हणजे सरकारने दिलेलं व्याज, महिन्याला अर्धा टक्का, एप्रिलपासून सहा महिन्यांचं. हे व्याज मात्र उत्पन्न आहे, पुढच्या रिटर्नमध्ये दाखवायचं.

८. रिटर्न भरला म्हणून लगेच मोकळे झालात असं समजू नका

पायरी २ मधली मोजणी पुन्हा लावा. काकांनी पहिला रिटर्न भरला तो २०२५-२६ या निर्धारण वर्षाचा. पण २०२५-२६ या आर्थिक वर्षात रोख काढताना बघतात ते निर्धारण वर्ष २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५, आणि ते तिन्ही कोरेच. मागचे रिटर्न आता भरू म्हणाल तर त्यांची उशिराची मुदत पण गेलेली, आणि अपडेटेड रिटर्न जास्तीचा कर भरणाऱ्यासाठी असतो, काही देणंच नसलेल्याला तो भरता येत नाही. म्हणजे त्या वर्षी पण वीस लाखांचीच मर्यादा.

आम्ही मग एक वही केली, रोख काढली की तारीख, रक्कम आणि चालू बेरीज. अठरा लाख झाले की लाल पेनाने रेघ. प्लास्टर आणि फरशीचे पैसे गवंड्याला आणि दुकानदाराला एनईएफटीने दिले, गवंडी आधी कुरकुरला, मग त्याच्या मुलाने खातं नंबर पाठवला. मार्च २०२६ अखेरची बेरीज सतरा लाख चाळीस हजारांवर थांबली.